अभ्यास बंद केला तरी डोकं बंद होत नाही: रात्री झोप न लागणाऱ्यांसाठी तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

जुळे सोलापुरात आमची अभ्यासिका आहे, मी आणि माझा भाऊ मिळून चालवतो, सकाळी सहाला उघडते आणि रात्री अकराला कुलूप. कुलूप लावायला बहुतेक मीच असते म्हणून पोरं जाता जाता जे बोलतात ते माझ्या कानावर येतं, आणि इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "ताई, झोपच यायली नाय ओ". कंबाइनची तयारी असो, बारावी असो, नर्सिंगची परीक्षा असो, तक्रार तीच, आणि दुरुस्तीही बरीचशी तीच. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी लक्षणं बघा, तुमचा बिघाड हाच आहे का ते कळेल.

दिवसभर पुस्तकावर पेंग येते पण गादीवर पडलं की टक्क जाग. डोळे मिटले की दिवसभरातलं अडलेलं गणित नाहीतर अर्धा राहिलेला टॉपिक आपोआप चालू होतो. "उद्या हे राहायला नको" असं करत त्याच तीन-चार गोष्टी फिरून फिरून येतात. मध्येच उठून मोबाईलवर उत्तर बघून यावंसं वाटतं, आणि बघितलं की अजून तासभर गेला. सकाळी उठल्यावर झोपलो होतो की अभ्यास करत होतो तेच कळत नाही. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे ज्या दिवशी संध्याकाळी अभ्यासच केला नाही, लग्नाला गेलात किंवा गड्ड्याच्या यात्रेत फिरून दमून आलात, त्या रात्री मात्र झोप बरी लागते.

ही शेवटची खूण लय महत्त्वाची. पूर्व भागातला एक पोरगा होता, घरात खालीच यंत्रमाग, त्याची पक्की समजूत होती की लूमच्या खटखटीमुळं झोप जाते, आणि वेगळी खोली भाड्यानं घ्यायचं चाललं होतं. मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी लूम चालू असताना झोप लागते का? थोडा विचार करून म्हणाला, लागते. जन्मल्यापासून ऐकलेला आवाज होता तो, बिघाड दुसरीकडंच होता. भाडं वाचलं त्याचं.

उलट ज्यांना झोप लगेच लागते पण पाणी भरायला दोन वाजता उठावं लागतं त्यांचा प्रश्न हा नव्हे. आपल्याकडं पाण्याची पाळी काही दिवसांनी येते आणि कुठल्याही वेळी येते, त्या रात्री झोप मोडणारच, ती रात्र हिशोबात धरू नका. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली घामाघूम होऊन जागे राहता तेही वेगळं. झोप लागताना शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं, त्यामुळं तिथं गच्चीवर झोपणं आणि झोपायच्या तास-दीड तास आधी अंघोळ करणं हाच इलाज, खाली लिहिलेलं काहीच त्याला लागू नाही.

पहिली तपासणी: शेवटचा चहा किती वाजता?

ही पहिली घेते कारण हिला एक रुपया लागत नाही, उलट चहाचे पैसे वाचतात, आणि पाच दिवसांत उत्तर मिळतं. अभ्यासिकेतली पोरं सातला एक आणि साडेनऊला एक चहा मारतात, दुसरा "शेवटच्या तासासाठी". चहातलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास घेतं, कुणाला कमी कुणाला जास्त. म्हणजे साडेनऊच्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री अडीचलाही अंगात असतं. कॉफी घेणाऱ्यांचं तर अजून जास्त. २०१३ साली एक प्रयोग झाला होता, त्यात झोपायच्या सहा तास आधी कॅफिनचा मोठा डोस दिला तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली. तो डोस आपल्या एका कपापेक्षा कितीतरी मोठा होता हे खरं, पण सहा तास आधी घेतलेलंही पोचतं एवढं त्यातनं कळतं.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी पाच दिवस बंद करा. पहिले एक-दोन दिवस डोकं दुखेल, ते सवयीचं दुखणं आहे, जातं. पाच दिवसांत झोप सुधारली तर पुढचं वाचायची गरजच नाही. नाही सुधारली तर चहा दोषी नव्हता असं समजा आणि पुढं चला, पण हे शेवटपर्यंत जाईस्तोवर चारनंतरचा चहा परत चालू करू नका, एका वेळी दोन गोष्टी हलवल्या की कशानं फरक पडला ते कळत नाही.

दुसरी तपासणी: अभ्यासाची शेवटची पंधरा मिनिटं

माझ्या अनुभवात बहुतेकांचा बिघाड इथंच सापडतो, म्हणून इथं जरा सावकाश वाचा.

एकच प्रश्न विचारते. काल रात्री पुस्तक मिटलं तेव्हा तुम्ही नेमके कुठं होता, आणि आज सकाळी पहिलं काय उघडायचं हे तेव्हा ठरलेलं होतं का? जवळजवळ सगळे म्हणतात, नाही ताई, अकरा वाजले म्हणून उठलो. म्हणजे अभ्यास संपवला नाही, तो मध्येच तुटला. कुलुपाची वेळ झाली, लाईट गेली, घरनं फोन आला, झोप अनावर झाली, काहीतरी बाहेरचं झालं आणि तुटला.

तुटलेलं काम मन सोडत नाही. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनमधलं आपलं काम छापलं, लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही मध्येच थांबवली, आणि नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. नंतरच्या प्रयोगांत हे दर वेळी तसंच्या तसं आलं नाही, त्यामुळं त्याला अटळ नियम समजू नका. पण आपल्या उपयोगाची गोष्ट पुढची आहे. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या दोघांनी दाखवलं की अर्धवट काम डोक्यात घुसणं थांबवायला ते काम पुरं करावं लागत नाही, ते कधी आणि कसं करणार याचा नेमका प्लॅन केला तरी मन बरंच सोडून देतं. मला हे वाचल्यावर इतकं हायसं वाटलं होतं, कारण अभ्यास कधीच पुरा होत नसतो. सिलॅबस संपल्यावर झोपायचं म्हटलं तर परीक्षेपर्यंत झोपायलाच नको.

तर दुरुस्ती अशी. एक वेगळी छोटी वही घ्या, दहा रुपयांची चालेल, मोबाईलमधली नोट नको (का ते पुढं येतं). अभ्यास संपायच्या पंधरा मिनिटं आधी नवीन काही उघडायचं नाही. त्या वेळात तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, कुठं थांबलो. दुसरी, उद्या पहिलं काय, किती वाजता, कुठल्या पानावरनं. तिसरी, अभ्यासाबाहेरचं जे डोक्यात आहे ते, फॉर्मची शेवटची तारीख, आईची गोळी आणायची, मेसचे पैसे.

इथं लोक चुकतात ते असं. "उद्या पॉलिटी" असं लिहितात आणि म्हणतात ताई फरक पडला नाही. "उद्या पॉलिटी" हा प्लॅन नाही ओ, ते विषयाचं नाव आहे, त्यातनं मनाला काहीच कळत नाही म्हणून ते रात्री परत विचारतं, पॉलिटीमधलं काय, कुठून, किती. असं लिहायचं: "सकाळी ६:३०, रजिस्टर पान ४१, आणीबाणीचा तक्ता, ३५२ चा रकाना झालाय, ३५६ चा मंजुरीची मुदत इथपासून भरायचा, मग ३६०." हे वाचून दुसरं कुणीही तुमच्या जागेवर बसून काम सुरू करू शकलं पाहिजे, ही माझी कसोटी. मी खरंच कधी कधी वही मागून घेते आणि म्हणते, मला यातनं कळतंय का बघू दे.

अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीत २०१८ साली ५७ तरुणांवर हे तपासलं होतं. झोपायच्या वेळी निम्म्यांना पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायला लावली, निम्म्यांना झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. नऊ मिनिटं म्हणजे फार मोठं काही नाही, मी जादू आहे असं म्हणत नाही. पण आजचं काय काय झालं याची डायरी लिहून झोप येईल असं वाटतं ना, त्यांच्यात ते उलटं निघालं, एवढं लक्षात ठेवा. झालेलं लिहायचं असेल तर दुपारी लिहा. आणि एक फरक, त्यांनी ती यादी झोपताना लिहून घेतली होती, मी टेबलावरच लिहायला सांगते, कारण वही गादीत नेली की गादीचंच टेबल होतं.

आता एक केस सविस्तर सांगते. अक्कलकोट साइडची पोरगी, इथं मावशीकडं राहून कंबाइनची तयारी. साडेदहाला अभ्यासिकेतनं निघायची, जेवण करून साडेअकराला आडवी, आणि झोप दीड-दोनला. सहाला उठायचीच. म्हणजे चार-साडेचार तास. दुपारी दोन ते चार बेंचवर डोकं टेकलेलं. चहा आधीच कमी होता, पाच दिवस बंद करून बघितला, फरक नाही.

मग मी विचारलं, काल आडवी पडल्यावर डोक्यात पहिलं काय आलं? म्हणाली, काळ-कामाचं गणित. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब २० दिवसांत, दोघं मिळून तीन दिवस करतात आणि अ निघून जातो, उरलेलं ब ला किती दिवस लागतील. तिनं ते अंधारात मनात सोडवायला घेतलं, मध्येच आकडा विसरली, परत पहिल्यापासून, असं किती वेळा कोण जाणे. गणित अवघड नव्हतं. साडेदहा वाजले म्हणून ते अर्ध्यावर सोडलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही सव्वादहाला थांबायचं ठरवलं. त्या दिवशीही एक गणित अर्धं होतं, पण ती कालचंच घेऊन बसली होती म्हणून तेच उदाहरण घेतलं. मी म्हटलं सोडवू नकोस, जिथं आहेस तिथली खूण लिही. तिनं लिहिलं: "प्रश्न १७. एकूण काम ६० भाग. अ रोज ५, ब रोज ३, मिळून ८. तीन दिवसांत २४ झालं. उरलं ३६, आता ब एकटा, इथून. सकाळी ६:४०." तिला हसू आलं, म्हणाली ताई एवढं लिहिण्यापेक्षा ३६ भागिले ३ केलं तर १२ दिवस उत्तर निघतंय की. म्हटलं निघतंय, पण ते संपलं की तू १८ वा घेणार आणि साडेदहाला तो अर्धा राहणार. रोज काहीतरी अर्धं राहणारच आहे, अर्धं ठेवून नीट उठायचं कसं ते शिकायचंय.

पहिले तीन दिवस काही फरक नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण इथंच सोडतात. मन एकदम विश्वास ठेवत नाही, सकाळी खरंच ती वही उघडली जाते आणि तिथूनच काम सुरू होतं हे काही दिवस घडल्याशिवाय रात्रीचं फिरणं कमी होत नाही. चौथ्या दिवशी वही बघितली तर "गणित रिव्हिजन" एवढंच. परत नीट लिहायला लावलं. शिवाय कळलं की सकाळी ती वही न उघडताच पेपर वाचायला बसत होती, म्हणजे रात्री दिलेला शब्द सकाळी मोडत होती. तेही बदललं, वही उघडून पहिलं काम, पेपर नंतर. आठव्या-नवव्या दिवसापासून अर्ध्या तासाच्या आत झोप लागायला लागली. दोन आठवड्यांत दोन रात्री वाईट गेल्या, एक पाण्याच्या पाळीची आणि दुसरी उत्तरतालिका आली त्या दिवशीची. दुसऱ्या रात्रीबद्दल खाली लिहिते.

वही मिटल्यावर एक ठरलेला क्रम ठेवा, रोज तोच. आमच्याकडं पोरं पुस्तकं ड्रॉवरमध्ये घालतात, पेनाला टोपण लावतात, खुर्ची आत सरकवतात, आणि ती अक्कलकोटची पोरगी हळूच "आजचं बंद" असं म्हणायची. शब्द कुठलेही चालतील. घरी अभ्यास करणाऱ्यांना हे जास्त लागतं, कारण त्यांना अभ्यासिकेतनं घरापर्यंतचा रस्ता मिळत नाही. आपल्याकडं देवाजवळचा दिवा लावल्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही, तसंच हे. पुस्तकं डोळ्यासमोर उघडी राहिली तर खोलीतली प्रत्येक गोष्ट अजून चालूच आहे असं सांगत राहते, म्हणून निदान चादर टाकून तरी झाकायची.

तिसरी तपासणी: बंद केल्यानंतर कोण उघडतंय?

वही नीट लिहिली, दहा दिवस झाले, तरी झोप नाही. तर वही मिटल्यापासून आडवं होईपर्यंत काय काय होतं ते मिनिटामिनिटानं लिहा, एकच दिवस. नव्वद टक्के वेळा मोबाईल सापडतो, पण लोकांना वाटतं त्या कारणासाठी नाही. उजेडाचा त्रास असतो, पण त्याहून मोठा त्रास डाऊट सॉल्व्हिंगच्या ग्रुपचा. पावणेबाराला कुणीतरी प्रश्न टाकतो, तुम्हाला येत नाही, झालं, दुकान परत उघडलं. मगाशी मोबाईलमधली नोट नको म्हटलं ते यासाठी, नोट लिहायला मोबाईल घेतला की वरनं ग्रुपचं नोटिफिकेशन उतरतंच.

अभ्यासाचे सगळे ग्रुप रात्री दहा ते सकाळी सात म्यूट, आणि मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर हात पोचणार नाही एवढ्या लांब. अलार्मसाठी मोबाईल लागतो हे कारण प्रत्येकजण देतो, साधं गजराचं घड्याळ घ्या.

दुसरं उघडणारं म्हणजे घरचं माणूस. बाबा प्रेमानं विचारतात, "किती झाला रं आज?" आणि जेवता जेवता सगळा दिवस परत उघडतो. एका पोराच्या आईला मी स्वतः फोन करून सांगितलं, काकू, अभ्यासाचं विचारायचं असेल तर सकाळी चहाला विचारा, रात्री भाकरीबरोबर शेंगाचटणी किती तिखट झाली तेच बोला. त्यांनी ऐकलं. बऱ्याच घरी ऐकतात, नीट कारण सांगितलं तर.

बंद केल्यापासून आडवं होईपर्यंत किमान तासभर जाऊ द्या. त्या तासात काय करायचं याची मला फार पडलेली नाही, भांडी घासा, शतपावली करा, रेडिओ ऐका, फक्त त्यात बरोबर-चूक उत्तर असलेलं काही नको.

चौथी तपासणी: गादी

ही अवघड यासाठी की यात रात्री अंथरुणातनं उठावं लागतं. गादीवर लोळून अभ्यास करत असाल, आडवं पडून लेक्चर बघत असाल तर शरीराला गादी म्हणजे काय हेच कळेनासं होतं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावरचा इलाज मांडला, आणि निद्रानाशाच्या उपचारात तो आजही वापरतात. गादी फक्त झोपायला. झोप आल्यावरच आडवं व्हायचं. साधारण वीस मिनिटं झाली आणि झोप नाही असं वाटलं तर उठायचं, घड्याळ न बघता अंदाजानं, दुसरीकडं मंद उजेडात बसायचं, काहीतरी रटाळ करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. परत नाही लागली तर परत उठायचं. पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा उठावं लागेल आणि दुसऱ्या दिवशी जड जाईल, हे आधीच मान्य करून सुरू करा, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सुरू करू नका.

वन रूम किचनमध्ये सहा माणसं असली की वेगळं टेबल कुठनं आणणार, हा प्रश्न मला पोरं विचारतात आणि तो खराच आहे. मग अभ्यासाला सोलापुरी चादर घडी करून जमिनीवर टाका आणि त्यावर बसा, झोपताना ती उचलून ठेवा आणि अंथरूण वेगळं पसरा. जागा तीच राहिली तरी खाली काय अंथरलंय ते बदलतं, आणि आमच्या दोन-तीन जणांना तेवढं पुरलं.

पाचवी तपासणी: उठायची वेळ

सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. रात्री किती वाजता झोप लागेल ते आपल्या हातात नसतं, सकाळी किती वाजता उठायचं ते असतं. रात्र वाईट गेली म्हणून नऊपर्यंत झोपलात की त्या रात्रीची झोप अजून पुढं सरकते, आणि दुपारी दोन तास काढलेत तर रात्रीसाठी भूकच उरत नाही. उठायची वेळ सातही दिवस एकच, रविवारीसुद्धा, कमीत कमी दोन आठवडे. दुपारी पडायचंच असेल तर तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून.

काही जण यापुढं जाऊन मुद्दाम रात्रीची झोपच कमी करून बघतात, कुठंतरी व्हिडिओ बघून. ते निद्रानाशाच्या उपचारात आहे खरं, पण ते जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. फिट येणाऱ्यांनी, मूडचा आजार असणाऱ्यांनी आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी तर स्वतःहून अजिबात करू नये.

वही जिथं चालत नाही

आता ती उत्तरतालिकेची रात्र. त्या रात्री त्या पोरीच्या डोक्यात काम नव्हतं, भीती होती. कटऑफ किती लागेल, घरी काय सांगू, अजून एक वर्ष मागू का. याला पान नंबर लिहिता येत नाही. कसं ओळखायचं तर असं: डोक्यात फिरणाऱ्या गोष्टीला "उद्या इतक्या वाजता हे करीन" असं उत्तर देता येतं का? येत असेल तर वहीचं काम. येत नसेल आणि फक्त "काय होईल" एवढंच फिरत असेल तर वही जितकी लिहाल तितकी भीती वाढेल, मी हे बघितलंय, एकानं रात्री चार पानं लिहिली होती.

त्यासाठी दिवसा वेळ द्यायचा. संध्याकाळी साडेपाचला पंधरा-वीस मिनिटं, गादीपासून लांब, सगळी काळजी कागदावर काढायची, आणि शक्य असेल तर त्यातलं एक तरी कुणाशी बोलायचं. रात्री आली की "उद्या साडेपाचला" म्हणून परत पाठवायची. काहींना याचा चांगला उपयोग होतो. ज्यांना दोन-तीन आठवड्यांत होत नाही, त्यांनी माझ्यासारखीकडं थांबू नये.

इथं थांबा आणि डॉक्टरकडं जा

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर तो निद्रानाश समजून डॉक्टरांना दाखवायचाच. पण तीन महिने थांबूच नये अशाही गोष्टी आहेत. जेवण जात नाही, आवडणारं काहीच आवडत नाही, सारखं रडू येतं, छातीत धडधडून जाग येते. घरचे सांगतात की मोठ्यानं घोरतो आणि मध्येच श्वास अडकतो. पडल्यावर पायात वळवळतं आणि हलवल्याशिवाय राहवत नाही, यात रक्तातलं लोह कमी असू शकतं, तपासणी करावी लागते. आणि दोन-तीन तासच झोप होतेय तरी थकवा नाही, उलट अंगात जोर, डोकं सुसाट, बोलणं भरभर, तर त्याला अभ्यासाचा जोश समजू नका, त्याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञाकडं न्या.

मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणालातरी सांगा. टेली मानस, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आमच्या अभ्यासिकेच्या दारावर हा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय.

मेडिकलमधून झोपेची गोळी मागून घेऊ नका आणि आजीच्या पाकिटातली अर्धी तर नकोच. एका पोरानं घेतली होती, दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये वाचलेलं परत परत वाचत बसला, डोकं चालेना. गोळी लागते की नाही ते डॉक्टर ठरवतील. जुन्या निद्रानाशावर सगळ्यात आधी सुचवला जाणारा उपचार गोळीचा नसून बोलून आणि सवयी बदलून करायचा असतो, त्याला सीबीटी-आय म्हणतात, आणि वरची गादीची तपासणी त्याचाच एक भाग आहे. मानसोपचार म्हटलं की घरात चेहरे बदलतात हे मला माहितीय. आधी फॅमिली डॉक्टरकडं जा, तेच पुढं पाठवतील, नाहीतर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं.

जाताना हात हलवत जाऊ नका. मागच्या दोन आठवड्यांचं रोज एका ओळीत लिहून न्या: किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलात, दुपारी किती झोपलात, शेवटचा चहा कधी, आणि चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि जिमची पावडरसुद्धा. हे सकाळी उठल्यावर अंदाजानं लिहायचं, रात्री घड्याळ बघून नाही. सोबत ती दहा रुपयांची वहीही न्या, काय काय करून झालंय ते डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.